परिपाठातल्या इंग्रजी बातम्या : ‘हॅज ओपन्ड’ कुठे आणि नुसतं ‘ओपन्ड’ कुठे

प्रश्न : मी मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवतो. आमची शाळा दोन सत्रांत भरते आणि दोन्ही सत्रांच्या परिपाठात इंग्रजी बातम्या वाचल्या जातात. या बातम्यांचीच गाळलेल्या जागांची संहिता करून प्रेझेंट परफेक्ट आणि सिम्पल पास्टचा सराव घ्यायचा आहे. वर्तमानपत्रातून बातम्या उतरवून पाहिल्या, पण मुलं सगळीकडे ‘हॅज’ घालतात, आणि काही जागांना दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात. संहिता कशी लिहावी?

उत्तर : वर्तमानपत्रातली बातमी जशीच्या तशी उतरवू नका, निम्मा घोळ तिथेच आहे. आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांत बातमीचं पहिलं वाक्य साधारण ‘द प्राइम मिनिस्टर ऑन वेन्सडे इनॉगरेटेड…’ अशा धाटणीचं असतं. कोणी, काय आणि केव्हा हे सगळं एकाच वाक्यात कोंबलेलं. त्यातला ‘ऑन वेन्सडे’ वाक्याला सिम्पल पास्टमध्ये बांधून टाकतो. म्हणजे तुम्ही दहा बातम्या उतरवल्या तरी प्रेझेंट परफेक्टची एकही जागा मिळायची नाही, आणि मुलांना तो काळ बातमीत कशासाठी वापरतात हे कधी दिसायचंच नाही. रेडिओवरची बातमी वेगळी चालते. तिथे आधी ‘अमुक झालं आहे’ एवढंच सांगतात, वार-वेळ काही नाही. ते वाक्य प्रेझेंट परफेक्टमध्ये. मग केव्हा, कुठे, कसं हा तपशील येतो, तो सिम्पल पास्टमध्ये. परिपाठातली बातमी मुलं कानांनी ऐकतात, डोळ्यांनी वाचत नाहीत, म्हणून आपल्याला हाच साचा हवा.

तेव्हा दैनिकातलं ते एक वाक्य फोडून त्याची दोन करायची. पहिल्यातून वार काढून टाकायचा, दुसऱ्यात तो परत आणायचा. खाली एक पूर्ण संहिता देते. तिच्यासाठी 9 ऑक्टोबर 2025, गुरुवार हा दिवस घेतला आहे. आदल्या दिवशी, बुधवारी, नवी मुंबईतल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी मेट्रो-3 च्या शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे आचार्य अत्रे चौक ते कफ परेड या भागाचं, आणि नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन केलं होतं, आणि गुरुवारी सकाळपासून कफ परेडपर्यंत प्रवासी गाड्या धावू लागल्या. आपल्या कामासाठी याहून सोयीचा दिवस शोधून सापडायचा नाही. वाक्यं ऐकू येतील तशी देवनागरीत लिहिते. मुलांच्या कागदावर ती अर्थातच इंग्रजी लिपीत द्या.

*गुरुवार, 9 ऑक्टोबर 2025. वाचनाची वेळ सकाळी 7.30.*

गुड मॉर्निंग. हिअर इज द न्यूज.

द प्राइम मिनिस्टर (1) ________ द लास्ट पार्ट ऑफ मेट्रो लाइन थ्री. / ओपन
ही (2) ________ टू नवी मुंबई यस्टर्डे फॉर द फंक्शन. / कम
द फर्स्ट पार्ट ऑफ द लाइन (3) ________ इन ऑक्टोबर 2024. / ओपन
मेनी पीपल (4) ________ टू कफ परेड बाय मेट्रो धिस मॉर्निंग. / ट्रॅव्हल

वर्कर्स (5) ________ द फर्स्ट टर्मिनल ऑफ द न्यू एअरपोर्ट ॲट नवी मुंबई. / बिल्ड
द प्राइम मिनिस्टर (6) ________ द टर्मिनल यस्टर्डे. / सी
फ्लाइट्स (7) ________ यट. / नॉट स्टार्ट

अवर गर्ल्स खो-खो टीम (8) ________ द इंटर-स्कूल फायनल. / रीच
दे (9) ________ द सेमीफायनल ऑन ट्यूजडे. / विन
द कॅप्टन (10) ________ थ्री रनर्स. / कॅच

दॅट इज द एंड ऑफ द न्यूज. थँक यू.

उत्तरं अशी : 1 हॅज ओपन्ड, 2 केम, 3 ओपन्ड, 5 हॅव बिल्ट, 6 सॉ, 7 हॅव नॉट स्टार्टेड, 8 हॅज रीच्ट, 9 वन, 10 कॉट. चौथी जागा मुद्दाम बाजूला ठेवली आहे.

पहिली आणि तिसरी जागा शेजारी ठेवून पाहा. क्रियापद एकच, ‘ओपन’. एकीत ‘हॅज ओपन्ड’, दुसरीत नुसतं ‘ओपन्ड’. फरक एवढाच की तिसऱ्या वाक्यात ‘इन ऑक्टोबर 2024’ आहे. मेट्रो-3 च्या आरे ते बीकेसी या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 ला झालं होतं, ती तारीख उलटून गेली, त्यामुळे ‘हॅज’ला तिथे जागा नाही. फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि तिसऱ्यातली तारीख मुलांकडून पुसून घ्या. ‘द फर्स्ट पार्ट हॅज ओपन्ड’ आता बसतं, पण ऐकणाऱ्याला वाटेल की पहिला टप्पा आत्ताच उघडला! सातवीतल्या मुलांना यातली गंमत लगेच कळते, कारण त्यातली निम्मी मेट्रोने फिरून आलेली असतात.

आता मुलं सगळीकडे ‘हॅज’ का घालतात ते. तो निव्वळ आळस नाही. मराठीत ‘पंतप्रधानांनी काल मेट्रोचं उद्घाटन केलं आहे’ हे वाक्य अगदी सरळ आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ एका वाक्यात सुखाने नांदतात. ‘बाबा परवाच गावाहून आलेत’ असं आपण रोज बोलतो. मूल तेच इंग्रजीत नेतं आणि ‘हॅज ओपन्ड इट यस्टर्डे’ लिहितं. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅज’ने निघून जायचं असतं, ही अट मराठीत नाहीच, त्यामुळे कानाला काही खटकत नाही. ‘कानाला काय बरोबर वाटतं ते लिहा’ हा सल्ला आपल्या मुलांना म्हणूनच देऊ नये. त्यांचा कान मराठी आहे आणि या एका बाबतीत तो हमखास फसवतो.

याचंच भावंड म्हणजे ‘हॅड’. ‘काल आम्ही राणीच्या बागेत गेलो होतो’ याचं मुलं ‘वी हॅड गॉन’ करतात. मुंबईत मोठी माणसंही सर्रास तसंच बोलतात, त्यामुळे मुलांच्या कागदावर दुसऱ्या आणि नवव्या जागी ‘हॅड कम’, ‘हॅड वन’ दिसलं तर नवल नको. या संहितेत ‘हॅड’ची एकही जागा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाका. तो काळ पुढे कधीतरी स्वतंत्र शिकवा. इथे तिसरी वाट उघडी ठेवली तर दोघांतला फरक बाजूलाच राहतो.

कानाऐवजी काय वापरायचं? एक प्रश्न : ‘व्हेन?’. वर्गात संहिता भरताना एका मुलीला बातमीदार करा. तिने पहिलं वाक्य वाचलं की वर्गाने एका आवाजात विचारायचं, ‘व्हेन?’. त्या वाक्यात उत्तर सापडलं, म्हणजे ‘यस्टर्डे’, ‘ऑन ट्यूजडे’, ‘इन ऑक्टोबर 2024’ असं काही असलं, तर त्याला गोल करायचा आणि जागेत सिम्पल पास्ट लिहायचा. उत्तर नसेल आणि बातमी तिथेच सुरू होत असेल तर प्रेझेंट परफेक्ट. गोल आधी, क्रियापद नंतर, हा क्रम मोडू देऊ नका. क्रियापद आधी लिहिलं की मुलं पुढचं वाक्य वाचतच नाहीत, आणि इंग्रजीत वेळेचा शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी असतो. ‘ही ________ टू नवी मुंबई’ एवढ्यावरच हात चालू लागतो.

दहावी जागा मात्र या युक्तीला पुरून उरते, आणि म्हणूनच ती घातली आहे. ‘द कॅप्टन ________ थ्री रनर्स’. वेळेचा शब्द नाही, गोल करायला काही नाही, म्हणून मुलं ‘हॅज कॉट’ लिहितात. पण ही बातमीची सुरुवात नव्हे. मागच्या वाक्याने आपल्याला मंगळवारच्या सामन्यात नेऊन सोडलं आहे, आणि कर्णधार मुलीने तीन गडी टिपले ते त्याच सामन्यात. मंगळवार या वाक्यातही लागू आहे, फक्त पुन्हा उच्चारलेला नाही. मुलांना सांगायचं ते असं : एकदा वार आला की नवी बातमी सुरू होईपर्यंत तो खालच्या सगळ्या वाक्यांवर पसरतो. वर्गात नवव्या जागेवरच्या ‘ऑन ट्यूजडे’पासून दहाव्या वाक्यापर्यंत पेन्सिलने बाण काढायला लावा. तुमच्या संहितेत अशी वेळेच्या शब्दाविना असलेली जागा एक तरी हवीच. नाहीतर मुलं ‘यस्टर्डे दिसला की पास्ट’ एवढंच शिकतात, आणि जिथे ‘यस्टर्डे’ नसतो अशा निबंधात पुन्हा सगळीकडे ‘हॅज’ येतो.

अपवाद एकच : बातमीतलं जे अजून संपलेलं नाही ते. सातवी जागा पाहा. तिच्या आधी ‘यस्टर्डे’ येऊन गेला आहे, तरी ‘फ्लाइट्स हॅव नॉट स्टार्टेड यट’. ‘यट’ आपल्याला कालच्या कार्यक्रमातून उचलून आजच्या सकाळी आणतो. उद्घाटन झालं, पण त्या दिवशी विमानं उडत नव्हती. अशी जागा एकच ठेवा, फार नकोत.

आता चौथी जागा, म्हणजे तुमच्या प्रश्नातली ‘दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात’ ती. ‘मेनी पीपल ________ टू कफ परेड बाय मेट्रो धिस मॉर्निंग’. सकाळी साडेसातला हे वाचलं तर सकाळ अजून चालू आहे, लोक अजून जातच आहेत, तेव्हा ‘हॅव ट्रॅव्हल्ड’ चोख बसतं. ‘ट्रॅव्हल्ड’ही चूक म्हणता येत नाही, वाचणारीने पहाटेच्या गाड्या मनात धरल्या असतील तर. पण तीच संहिता दुपारच्या सत्रात, साडेबारा-एकला वाचली की सकाळ संपलेली असते. मग ‘ट्रॅव्हल्ड’ हेच उत्तर, ‘हॅव’ चालणार नाही. तुमच्या शाळेत दोन सत्रं आहेत ही यासाठी आयतीच सोय आहे. एकच कागद दोन्ही सत्रांना द्या, फक्त वरची वाचनाची वेळ बदला, ‘गुड मॉर्निंग’चं ‘गुड आफ्टरनून’ करा, आणि दोन्ही वर्गांची चौथी जागा दुसऱ्या दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ‘धिस वीक’, ‘धिस मंथ’ यांचंही असंच, पण ते सोमवारी आणि शनिवारी एकच उत्तर देतात. ‘धिस मॉर्निंग’ डोळ्यांदेखत पालटतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. बहुतेक शाळांत बातम्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला लिहून ठेवतात. लिहिणारी मुलगी बुधवारी बसलेली असते, वाचणारी गुरुवारी उभी राहते. काळ ठरतो तो वाचणारीच्या घड्याळावरून. बुधवारी लिहिलेलं ‘टुडे’ गुरुवारी ‘यस्टर्डे’ झालं पाहिजे, आणि त्याबरोबर क्रियापदही तपासलं पाहिजे. म्हणून कागदाच्या डोक्यावर तारखेखाली वाचनाची वेळ लिहायची सवय लावा. तेवढी एक ओळ नसेल तर चौथ्यासारख्या जागेचं उत्तर तुम्हालाही ठरवता यायचं नाही.

क्रियापदं निवडताना दोन अडचणी वेगळ्या ठेवा. कोणता काळ हे ठरवणं ही एक, आणि त्या काळाचं रूप येणं ही दुसरी. मुलाने पाचव्या जागी ‘हॅव बिल्डेड’ लिहिलं तर त्याला काळ कळला आहे, रूप आलेलं नाही. दुसऱ्या जागी ‘हॅज केम’ लिहिलं तर दोन्ही चुकलं. दोघांनाही एकच फुली दिली तर कुणाला काय शिकवायचं ते तुम्हालाच कळणार नाही. मी प्रत्येक जागेला दोन खुणा करते : काळ बरोबर असेल तर जागेच्या डोक्यावर टिंब, रूप बरोबर असेल तर खाली रेघ. तपासताना कागद लांबून पाहिला तरी दिसतं की वर्ग कशात अडकला आहे. टिंबं भरपूर आणि रेघा कमी असतील तर क्रियापदांची तीन रूपं घोकून घ्या, बातम्यांना हात लावू नका. रेघा भरपूर पण टिंबं नसतील तर पुन्हा ‘व्हेन?’.

सुरुवातीच्या काही कागदांत तर ‘ओपन’, ‘रीच’, ‘स्टार्ट’, ‘ट्रॅव्हल’ अशी साधी क्रियापदंच घ्या, म्हणजे मुलाला ‘हॅज’ हवा की नको एवढंच ठरवावं लागतं. ‘गेट’ टाळा : ‘मुंबई हॅज गॉट अ सेकंड एअरपोर्ट’ याचा अर्थ नुसता ‘आहे’ असाही होतो आणि वर्गात वाद सुरू होतो. ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ असलेली जागाही परीक्षेला नको, कारण अमेरिकन इंग्रजीत तिथे सिम्पल पास्ट सर्रास चालतो, आणि मुलं मोबाइलवर तेच ऐकतात. सगळ्या जागा सारख्याच लांबीच्या ठेवा. दोन शब्दांसाठी लांब रेघ आणि एका शब्दासाठी आखूड असेल तर हुशार मुलं रेघ मोजूनच उत्तर देतात.

‘हॅज’ की ‘हॅव’ यावर फार वेळ घालवू नका, पण एक शब्द आधीच सांगून ठेवा. ‘पोलीस’ इंग्रजीत अनेकवचनी आहे, ‘द पोलीस हॅव अरेस्टेड’. आणि क्रिकेटच्या बातमीत ‘इंडिया हॅव वन’ आणि ‘इंडिया हॅज वन’ दोन्ही छापलेलं दिसतं, तेव्हा त्यावर गुण कापू नका.

निधनाची बातमी कधीतरी येतेच, आणि तिथे हा फरक सगळ्यात ठळक होतो. लता मंगेशकर 6 फेब्रुवारी 2022 ला मुंबईत गेल्या. त्या दिवशीच्या बातमीचं पहिलं वाक्य ‘लता मंगेशकर हॅज डाइड’. मग ‘शी डाइड इन अ मुंबई हॉस्पिटल धिस मॉर्निंग’. त्यानंतर त्यांच्या गाण्यांविषयी जे काही येईल ते सगळं सिम्पल पास्ट : ‘शी सँग इन मेनी लँग्वेजेस’. ‘शी हॅज संग’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या लेखी त्या अजून गात आहेत. हयात गायिकेविषयी मात्र ‘हॅज संग’ हेच बरोबर.

भरून झालेला कागद माइकवर जाण्याआधी एकदा मोठ्याने वाचून घ्या. लिहिताना बरोबर आलेला काळ वाचताना गळतो. मुलं ‘ओपन्ड’चं ‘ओपन’ करतात आणि मग ‘द फर्स्ट पार्ट ओपन इन ऑक्टोबर’ असं ऐकू येतं, किंवा उलट टोकाला जाऊन ‘ओपनेड’ म्हणतात. ‘ओपन्ड’, ‘ट्रॅव्हल्ड’ यांत शेवटी हलका ‘ड’, ‘रीच्ट’मध्ये ‘ट’, आणि ‘स्टार्टेड’मध्येच फक्त एक स्वर वाढतो, कारण मूळ शब्द ‘ट’ने संपतो. एवढं तोंडात बसलं की मैदानात मागे उभ्या असलेल्या पाचवीच्या रांगेलाही काळ ऐकू जातो.

आणि संहिता साठवून पुढच्या वर्षी वापरायची असेल तर तारीख झाकू नका. जुना कागद आजची तारीख घालून दिला की उत्तरं खोटी पडतात. पहिली जागा ‘ओपन्ड’ होते आणि वाक्याला ‘इन ऑक्टोबर 2025’ जोडावं लागतं. सातवी तर उलटीच होते, कारण नवी मुंबईहून विमानं 25 डिसेंबर 2025 ला उडू लागली : ‘फ्लाइट्स स्टार्टेड ऑन 25 डिसेंबर’. जुने कागद म्हणूनच फेकू नका. जुनी तारीख तशीच ठेवून ‘त्या दिवशी वाचताय असं समजा’ म्हणून एकदा भरायला द्या, आणि मग त्याच मुलांना आजच्या तारखेने तीच बातमी पुन्हा लिहायला सांगा. दुसऱ्यांदा लिहिताना पहिली, पाचवी आणि आठवी, म्हणजे तिन्ही बातम्यांची पहिली वाक्यं बदलतात, चौथीतला ‘धिस मॉर्निंग’ जातो आणि सातवीतला ‘यट’ पडतो. बाकीची पाच क्रियापदं आहेत तशीच राहतात, मुलांना हवी तर ‘यस्टर्डे’च्या जागी तारीख घालावी लागते एवढंच.